विरार ते डहाणू रोड : आमच्या वर्गात तयार झालेला पत्त्यांचा खेळ



मागच्या पावसाळ्यात आठवडाभर मैदानात चिखल होता आणि खेळाचा तास वर्गातच काढावा लागत होता. मी पाचवी ते सातवीची मुलं एकत्र बसवली आणि म्हटलं, "पत्त्यांचा एक नवा खेळ तयार करू. बाजारातला नाही, आपला." वर्गात वीस मुलं होती. निम्मी कोळगाव आणि आसपासच्या पाड्यांवरची, निम्मी तारापूर एमआयडीसीत कामाला आलेल्या कुटुंबांतली. सगळ्यांच्या ओळखीची एकच गोष्ट मला दिसली, ती म्हणजे आपली रेल्वे. विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. 2013 सालापासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे ही नऊ नावं मुलांना पाढ्यांसारखी पाठ आहेत. तेव्हा पत्त्यांवर स्टेशनं लिहायची, एवढं पहिल्याच दिवशी ठरलं.

तिसऱ्या दिवशी एका मुलाची आई शाळेत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, घरात पत्ते दिसले तर मी भांडण करते. ह्याचे बाबा पगाराच्या दिवशी पत्त्यांना बसतात. आणि तुम्ही शाळेत पत्ते शिकवता?" मी तिला सांगितलं की पैसे नाहीत, नेहमीचे पत्तेही नाहीत, स्टेशनांची पानं आहेत. ती काही बोलली नाही, पण पटलंही नाही. तिच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले, आणि ते उत्तर आमच्या खेळातूनच निघालं. म्हणून खेळ कसा घडला हे आधी सांगते. (हे लिहिण्याआधी त्या आईला विचारलं आहे.)

पहिला प्रश्न : जिंकायचं म्हणजे काय करायचं?

मुलांनी सगळ्यात आधी चित्रं काढायला घेतली होती. गाडी, सिग्नल, भजीवाला. मी ते थांबवलं. खेळाचं ध्येय एका वाक्यात सांगता येत नसेल तर चित्रं काढून उपयोग नाही. फळ्यावर लिहिलं : "जो आधी ......... तो जिंकला." ही रिकामी जागा आधी भरा.

मुलांनी भरलं, "जो आधी नऊच्या नऊ स्टेशनं गोळा करेल तो जिंकला." ऐकायला छान. प्रत्येक स्टेशनची चार पानं, म्हणजे नऊ चोक छत्तीस पानांचा कॅट. चार भिडू. पाळी आली की गठ्ठ्यातलं एक पान घ्यायचं; ते स्टेशन आपल्याकडे नसेल तर ठेवायचं, असेल तर टाकून द्यायचं.

पहिल्याच डावात गठ्ठा संपला आणि कोणीच जिंकलं नाही. दुसऱ्या डावातही तेच. मुलं म्हणाली, पानं नीट पिसली नाहीत. मी म्हटलं, मोजून बघू या. छत्तीस पानं, चार भिडू, म्हणजे एकेकाच्या वाट्याला नऊच पानं येणार. नऊ पानांत नऊच्या नऊ स्टेशनं वेगवेगळी यायला हवीत. एकही पान दुबार आलं की तो भिडू बाद.

सातवीच्या मुलांबरोबर आणखी एक हिशेब केला. समजा दर वेळी कुठलंही स्टेशन सारख्याच शक्यतेने येतंय. पहिलं पान हमखास उपयोगी. पण आठ स्टेशनं हातात असताना नववं यायची शक्यता नवात एक, म्हणजे त्या एका पानासाठी सरासरी नऊ पाळ्या थांबायचं. आठव्यासाठी साडेचार, सातव्यासाठी तीन. अशी सगळी बेरीज केली तर एका भिडूला सरासरी पंचवीस पाळ्या लागतात. चार भिडूंना मिळून शंभर पानं हवीत, आपल्याकडे छत्तीस. म्हणजे दोष पिसण्यात नव्हता, ध्येय आणि कॅट यांचा मेळच बसत नव्हता.

मेळ कसा असतो ते दाखवायला मी पाच-तीन-दोनचं उदाहरण घेतलं, कारण तो बऱ्याच मुलांच्या घरी खेळतात. त्यात तीन भिडू असतात आणि एकेकाने अनुक्रमे पाच, तीन आणि दोन हात करायचे असतात. पाच, तीन, दोन मिळून दहा. म्हणजे प्रत्येकाला दहा पानं हवीत, एकूण तीस. बावन्न पानांतून तीस कशी काढायची? आठपासून एक्क्यापर्यंत चारही रंगांची घेतली की अठ्ठावीस होतात. दोन कमी पडतात, म्हणून इस्पिकची आणि बदामची सत्ती घेतात. लहानपणी मला वाटायचं, ह्याच दोन सत्त्यांचे एवढे लाड का? लाड नाहीत, हिशेब आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची गोल पानंही अशीच. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण एकशेवीस. तीन खेळाडू, प्रत्येकी चाळीस. सुंदर चित्रांखाली हा भागाकार दडलेला आहे.

दुसरा प्रयत्न : पालघर अडलं

मुलांनी ध्येय लहान केलं. "जो आधी ओळीने पाच स्टेशनांचा प्रवास पूर्ण करेल तो जिंकला." प्रत्येकाला पाच पानं वाटायची, पाळी आली की एक घ्यायचं, एक टाकायचं. आता डाव संपू लागले. पण दोन दिवसांनी एक मुलगी म्हणाली, "बाई, ज्याला पालघर नाही मिळालं त्याने खेळूच नये."

मला आधी तिचं म्हणणं कळलं नाही. मग फळ्यावर नऊ स्टेशनं ओळीने लिहिली आणि पाच-पाचचे सगळे प्रवास काढले. विरार ते पालघर, वैतरणा ते उमरोळी, सफाळे ते बोईसर, केळवे रोड ते वाणगाव, पालघर ते डहाणू रोड. पाचच प्रवास होतात. मग प्रत्येक स्टेशनखाली, ते किती प्रवासांत येतं त्याचा आकडा लिहिला : 1, 2, 3, 4, 5, 4, 3, 2, 1. पालघर पाचही प्रवासांत आहे! म्हणजे पालघरशिवाय जिंकणं शक्यच नाही. आणि पालघरची पानं चार. एखाद्याला वाटतानाच दोन आली आणि त्याने एक दाबून ठेवलं, की दुसरा एक भिडू कितीही हुशार असला तरी अडला. ही अडवाअडवी खेळात मुद्दाम ठेवायची असेल तर ठेवता येते, पण आमच्याकडे ती नकळत आली होती.

पानं वाढवावीत का? पालघरची सहा पानं करू, असं कोणीतरी सुचवलं. त्यापेक्षा सोपा उपाय सहावीच्या एका मुलाने केला. त्याने फळ्यावर पाचाच्या जागी चारचे प्रवास काढले. आता सहा प्रवास झाले आणि स्टेशनांखालचे आकडे आले : 1, 2, 3, 4, 4, 4, 3, 2, 1. केळवे रोड, पालघर आणि उमरोळी तिन्ही सारखी झाली, आणि कुठलंच स्टेशन सहाच्या सहा प्रवासांत नाही. अडवणूक संपली. शिवाय हातात चारच पानं राहिल्यामुळे लहान मुलांच्या मुठीत ती नीट बसू लागली आणि गठ्ठ्यात सोळाऐवजी वीस पानं उरू लागली.

स्टेशनांखाली आकडे लिहिण्याची ही युक्ती तुम्ही कुठलाही खेळ करताना वापरा. कुठलं पान जिंकण्याच्या किती वाटांवर येतं, ते मोजायचं. एखादं पान सगळ्या वाटांवर असेल तर खेळ तिथे अडणार. एखादं पान एकाही वाटेवर नसेल तर ते छापण्यात अर्थ नाही.

ह्याच हिशेबाने आमचे रंगही गेले. मुलांनी नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंग ठेवले होते, लाल, निळा, हिरवा, पिवळा. पण आमच्या ध्येयात रंगाला काहीच काम नव्हतं. लहान मुलं मात्र "माझं पालघर लाल आहे, चालेल ना?" असं दर डावात विचारत. रंग काढून टाकले. प्रत्येक स्टेशनची चार सारखी पानं. प्रश्न बंद झाले.

पाळी : घे, बघ, टाक

पाळीत नक्की काय करायचं, आणि कुठल्या क्रमाने, हे ठरवल्याशिवाय भांडणं थांबत नाहीत. आमच्याकडे कोणी आधी टाकायचा, कोणी आधी घ्यायचा. मग कोणाच्या हातात तीन पानं, कोणाच्या पाच, आणि "रडीचा डाव" म्हणून ओरड. शेवटी पाळीचे तीन शब्द ठरले : घे, बघ, टाक. एक पान घे. हातातल्या पाच पानांत चार ओळीची आहेत का बघ; असतील तर दाखव. नसतील तर एक टाक. पाळी संपताना प्रत्येकाच्या हातात चारच पानं असायला हवीत. कोणाकडे तीन किंवा पाच दिसली की चूक लगेच कळते, मागे जाऊन पंचाईत करावी लागत नाही.

"घे" मध्ये आम्ही एक निवड ठेवली. गठ्ठ्यातलं वरचं झाकलेलं पान घ्या, नाहीतर आधीच्या भिडूने नुकतंच टाकलेलं उघडं पान घ्या. गठ्ठ्यातल्या पानात आशा आहे पण खात्री नाही. टाकलेल्या पानात खात्री आहे, पण ते घेतलं की तुम्ही काय गोळा करताय हे सगळ्यांना कळतं. एवढ्या एका निवडीने खेळात डोकं आलं. बोईसर उचललेल्या भिडूपुढे वाणगाव टाकायचं नाही, हे पाचवीच्या मुलांनाही दोन दिवसांत कळलं.

टाकलेली पानं कशी ठेवायची, हाही वादाचा विषय झाला. आधी ढीग करत होतो. मग लक्षात ठेवू शकणारी मोठी मुलं पुढे जायची. आम्ही पानं ओळीने पसरून, सगळ्यांना दिसतील अशी ठेवू लागलो. उचलता येतं फक्त शेवटचं, पण दिसतात सगळी. आता पाठांतराचं काम मोजणीचं झालं. पाचवीतला मुलगा बोट ठेवून मोजतो, "तीन सफाळे गेली, एकच राहिलं," आणि सफाळ्याचा नाद सोडतो. वयाचा फरक निम्मा तिथेच मिटला.

हे सगळं ऐकून तुमच्यापैकी काहींना रमी आठवली असेल. बरोबर आहे. घेणं आणि टाकणं रमीतूनच आलंय. नवा खेळ म्हणजे आकाशातून पडलेला खेळ नव्हे. जुन्या खेळातला एखादा भाग घ्यायचा आणि आपलं ध्येय, आपला कॅट त्याला जोडायचा. मुलांनी हे लपवू नये, उलट कुठून काय घेतलं ते सांगावं, असं मी म्हटलं.

विरार आणि डहाणू कोणालाच नकोत

चारचा प्रवास ठरल्यावर एक नवा दोष दिसला. विरार आणि डहाणू रोड हातात आलं की मुलं लगेच टाकायची. आकड्यांकडे पाहिलं तर कारण स्पष्ट आहे. दोन्हींखाली 1 आहे. पण आणखी एक कारण आहे, ते मुलांनी शोधलं. समजा हातात केळवे रोड, पालघर, उमरोळी आहे. चौथं पान सफाळे आलं तरी चालेल, बोईसर आलं तरी चालेल. म्हणजे आठ पानांपैकी कुठलंही चालतं. पण हातात बोईसर, वाणगाव, डहाणू रोड असेल तर चौथं फक्त उमरोळी चालेल. चारच पानं. पुढे रूळच नाहीत ना, एक मुलगी म्हणाली.

नऊ स्टेशनांपैकी दोन कायम फेकली जात असतील तर कॅटमधली आठ पानं वाया. म्हणून आम्ही गुण आणले. मधला प्रवास पूर्ण केला तर एक गुण, विरार किंवा डहाणू रोड असलेला प्रवास पूर्ण केला तर जास्त गुण. आधी तीन गुण ठेवून पाहिले. मग उलटं झालं. सगळे टोकांकडे धावू लागले, पालघर आणि केळवे रोड कोणी उचलेना. दोन गुण केले तेव्हा दोन्हीकडचा ओढा सारखा झाला. पाच गुण आधी मिळवणारा जिंकला, असं ठरवलं.

इथे मला खेळाची खरी गंमत कळली. गुण चार-एक झाले की पुढे असलेला भिडू सोप्या मधल्या प्रवासामागे जातो, कारण त्याला एकच गुण हवा असतो. मागे पडलेला टोकाचा प्रवास पकडतो. हातात तीच पानं असली तरी दोघांनी ती वेगळी खेळायची. आणि एका चतुर मुलाने पाहिलं की बाकीचे अजूनही सवयीने डहाणू रोड फेकतात. तो गप्प बसून ती उचलू लागला.

मेगाब्लॉक आणि झाकला भिडू

मुलांना नशिबाची पानं फार आवडतात. त्यांनी "मेगाब्लॉक"ची आठ पानं घातली. गठ्ठ्यातून मेगाब्लॉक निघालं की पाळी फुकट. कॅट झाला चव्वेचाळीसचा. ही पानं हातात ठेवायची नसल्यामुळे ती वाटप झाल्यावर गठ्ठ्यात मिसळायची. म्हणजे उरलेल्या अठ्ठावीस पानांत आठ मेगाब्लॉक. सातात दोन वेळा पाळी जाणार. पहिल्यांदा खूप हशा झाला. मग एका मुलीच्या पाच पाळ्यांपैकी तीन मेगाब्लॉकमध्ये गेल्या आणि ती पानं ठेवून उठली. तिने काही चूक केली नव्हती, आणि काही बरोबर करायला तिला संधीही मिळाली नव्हती.

नशीब जास्त झालं हे कसं ओळखायचं? त्यासाठी आम्ही एक चाचणी केली. प्रत्येक गटात एक "झाकला भिडू" बसवला. तो नेहमी गठ्ठ्यातलंच पान घेतो. चार स्टेशनं ओळीची झाली असतील तर दाखवतो. नसतील तर पाचही पानं पालथी करतो, शेजाऱ्याने त्यातलं कुठलंही एक ओढून टाकायचं. म्हणजे हा भिडू विचारच करत नाही. आता बघायचं, तो किती वेळा जिंकतो. खेळ निव्वळ नशिबाचा असेल तर चार भिडूंत त्याचाही वाटा चौथा, वीस डावांत पाच. विचाराला किंमत असेल तर त्याहून बराच कमी.

पाच गट, प्रत्येकाने चार डाव, असे वीस डाव झाले. मेगाब्लॉक असताना झाकला भिडू चार वेळा जिंकला. आठही मेगाब्लॉक काढून पुन्हा वीस डाव खेळलो, तेव्हा एकदाच जिंकला. वीस डाव ही फार मोठी संख्या नाही, तीन आणि चार यांतल्या फरकावर काही ठरवू नये. पण चार आणि एक यांतला फरक मुलांनी डाव चालू असतानाच ओळखला होता, आकड्यांनी त्याला दुजोरा दिला. एक काळजी घ्या. झाकल्या भिडूच्या पुढच्या भिडूचा फायदा होतो, कारण चांगली पानंही आंधळेपणाने टाकली जातात. म्हणून दर डावाला त्याची जागा बदला.

मेगाब्लॉक गेल्यावर मात्र दुसरीकडे लंगडलं. सातवीची दोन मुलं सतत जिंकू लागली आणि पाचवीची मुलं खिडकीबाहेर बघू लागली. नशीब अजिबात काढून टाकलं की कमी अनुभवाच्या मुलाला निकाल आधीच माहीत असतो. म्हणून थोडं नशीब परत घातलं, पण शिक्षा करणारं नाही, मदत करणारं. "पास" नावाची दोनच पानं. पास कुठल्याही स्टेशनच्या जागी चालतो, पण पास वापरून केलेल्या प्रवासाला एकच गुण, मग तो डहाणूचा का असेना. कॅट झाला अडतीसचा. झाकला भिडू वीसात दोनदा जिंकला, आणि पाचवीतली मुलंही अधूनमधून जिंकू लागली. आम्ही तिथे थांबलो.

तुम्हाला वर्गात घ्यायचा असेल तर नियम असे :

1. चार भिडू. नऊ स्टेशनांची प्रत्येकी चार आणि पासची दोन, अशी अडतीस पानं.
2. प्रत्येकाला चार पानं वाटा. उरलेली बावीस पालथी मध्ये ठेवा.
3. पाळीत घे, बघ, टाक. घ्यायचं ते गठ्ठ्यातलं किंवा नुकतंच टाकलेलं.
4. ओळीची चार स्टेशनं झाली की दाखवा. मधला प्रवास एक गुण. विरार किंवा डहाणू रोड असलेला दोन. पास वापरला तर एकच.
5. गठ्ठा संपला तर शेवटचं टाकलेलं पान सोडून बाकीची पिसून पुन्हा पालथी ठेवा.
6. पाच गुण आधी, तो जिंकला. दर डावाला वाटणारा बदला.

पानांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापल्या तर एक अडचण येते. मागची छपाई वेगवेगळी असते आणि मुलं पाठीवरून पान ओळखतात. आमच्याकडे गणपतीच्या चित्रामागे पास आहे हे एका दिवसात सगळ्यांना कळलं होतं. मागून एकाच रंगाचा कागद चिकटवा, आणि सगळी पानं एकाच दिवशी, एकाच मापाची कापा.

त्या आईचा प्रश्न

झाकल्या भिडूची चाचणी झाली त्या दिवशी सुट्टीत तो मुलगा माझ्याजवळ आला, ज्याची आई शाळेत आली होती. म्हणाला, "बाई, तीन पत्तीत झाकला भिडू किती वेळा जिंकेल?"

मी त्यालाच विचारलं, "तीन पत्तीत घेता काय, टाकता काय?"

तो विचार करून म्हणाला, "काहीच नाही. तीन पानं वाटतात, तीच."

"मग?"

"मग झाकला आणि उघडा, दोघांचीही पानं सारखीच." थोडा वेळ थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा पण ब्लाइंड खेळतात. त्यात कमी पैसे लावावे लागतात म्हणतात."

मला काय बोलावं ते सुचलं नाही. तीन आठवडे आम्ही ज्याला "विचार न करणारा भिडू" म्हणून हसत होतो, तो त्याच्या घरी दर पगाराला बसत होता. मी त्याला एवढंच सांगितलं की तुझा हिशेब बरोबर आहे. तीन पत्तीत पैसे किती लावायचे आणि कधी उठायचं एवढंच माणसाच्या हातात असतं, पानं बदलणं नसतं. 1967 साली सुप्रीम कोर्टानेही एका निकालात रमी आणि तीन पत्ती यांत हाच फरक केला होता. रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची. तीन पत्ती नशिबाची. अर्थात कौशल्याच्या खेळातही पैसे लावले तर घर बुडायचं ते बुडतंच, हेही मी त्याला सांगितलं. त्याला ते सांगायची गरज नव्हती.

पालक सभेला त्याची आई आली तेव्हा मी तिच्यापुढे अडतीस पानं ठेवली आणि म्हटलं, "ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमचा मुलगा देईल." त्याने तिला झाकल्या भिडूचं सगळं सांगितलं, वीस डावांचे आकडे वहीत दाखवले, आणि तीन पत्तीत पानं का बदलत नाहीत तेही. तिने वही बराच वेळ हातात धरली. मग विचारलं, "हे पत्ते घरी नेतोस का तू?"

तो म्हणाला, "नाही. शाळेतच असतात."

"नेत जाऊ नकोस," ती म्हणाली. "पण ही वही ने. बाबांना दाखव."

वही त्याने नेली. पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही. आमची पानं वर्गातल्या कपाटात डब्यात आहेत. या वर्षीच्या मुलांना प्रत्येक पानावर तिकिटाचे दर लिहायचे आहेत. मी त्यांना विचारलं, "ध्येयात दराचं काम काय?" अजून उत्तर आलेलं नाही, म्हणून दर अजून लिहिलेले नाहीत.

तुमच्या भागातल्या एसटीच्या थांब्यांवर किंवा नदीकाठच्या गावांवर असा खेळ केलात तर स्टेशनांखाली आकडे लिहायला विसरू नका, आणि कुठलं गाव "पालघर" ठरलं ते मला जरूर कळवा.